गालाला वारा लागला तरी करंट: ट्रायजेमिनल न्यूरॅल्जिया ओळखायचा कसा, उपचार ठरतो कसा

चेहऱ्यावर विजेच्या झटक्यासारखी कळ आली की माणूस आधी दातांच्या डॉक्टरकडे येतो. साहजिकच आहे, कळ दाताच्या मुळातून निघाल्यासारखीच वाटते. निपाणी, संकेश्वर, चिकोडी या पट्ट्यात दातांचा दवाखाना चालवताना असे पेशंट मला अधूनमधून भेटतात, आणि त्यांतल्या बऱ्याच जणांचे एक-दोन धडधाकट दात आधीच कुठेतरी काढून झालेले असतात. दात जातो, कळ राहते. म्हणून हा लेख दातापासूनच सुरू करतो.

एका काकूंचं उदाहरण शेवटपर्यंत सोबत ठेवू. ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत. वय 61, निपाणीजवळच्या गावात राहतात, वर्षानुवर्षं विड्या वळल्या. उजव्या वरच्या जबड्यात आठ महिने कळा येत होत्या. दोन दाढा काढून झाल्या होत्या, तिसरीसाठी माझ्याकडे आल्या होत्या. डोक्यावरचा पदर उजव्या गालाच्या पुढे ओढलेला. "कुठं दुखतंय, दाखवा बघू," म्हटल्यावर त्यांनी बोट नाकपुडीच्या बाजूला नेलं आणि बोटभर अंतरावर थांबवलं. टेकवलं नाही. मी हात पुढे केला तशी मान मागे गेली. "लावू नगा हात डॉक्टर, करंट बसतोय."

दात खरोखर किडलेला माणूस असं करत नाही. तो गाल दाबून धरतो, दाढेवर बोट ठेवून "हीच" म्हणतो.

पहिली पायरी: दात की नस?

इथे एक्स-रेपेक्षा नीट विचारलेले चार प्रश्न जास्त उपयोगी पडतात. पहिला प्रश्न, कळ किती वेळ टिकते? ट्रायजेमिनल न्यूरॅल्जियात एक झटका सेकंदाच्या काही भागापासून जास्तीत जास्त दोन मिनिटांपर्यंत असतो. झटक्यांची माळ लागू शकते, पण प्रत्येक झटका अचानक येतो आणि अचानक तुटतो. दाताच्या नसेला सूज असेल तर दुखणं ठणकत राहतं, गार पाणी लागल्यावर बराच वेळ रेंगाळतं, आणि रात्री आडवं झाल्यावर वाढतं. न्यूरॅल्जियाचे पेशंट बहुतेक रात्री झोपू शकतात.

दुसरा प्रश्न, कशाने सुरू होते? काकूंनी सांगितलं ते असं: तोंड धुताना, भाकरीचा पहिला घास चावताना, मिसरी लावताना, आणि मुलाच्या गाडीवर मागे बसल्यावर वारा लागला की. म्हणजे सगळ्या बिनदुखऱ्या गोष्टी. पुरुषांच्या बाबतीत दाढीकडे बघा. नाकाच्या एका बाजूला आणि वरच्या ओठावर खुंट वाढलेले आणि बाकी दाढी गुळगुळीत असेल, तर निदान अर्धं तिथेच झालं.

तिसरा, दुखणं कुठल्या बाजूला? जवळजवळ नेहमी एकाच बाजूला असतं आणि चेहऱ्याची मधली रेष ओलांडत नाही. चौथा, झटक्यांच्या मधल्या वेळात काय? सुरुवातीच्या काळात काहीच नाही. चेहरा अगदी नॉर्मल.

दात वाजवून, गार लावून आणि एक्स-रे काढून दातांचा दोष नाही याची खात्री मात्र करायचीच. इथे एक सापळा आहे. शंका असलेल्या दाताजवळ भूल दिली आणि कळ थांबली, तर "सापडला दात!" असं वाटतं. पण भूल दिल्यावर त्या भागाचा स्पर्शच मेंदूपर्यंत पोचत नाही, त्यामुळे झटका सुरू करणारी गोष्टच बंद होते. बिघाड कवटीच्या आत असला तरी बाहेरच्या भुलेने तास-दोन तास आराम पडतो. काकूंच्या आधीच्या दोन दाढा बहुधा अशाच गेल्या असाव्यात. पेशंट म्हणून तुम्ही एवढं लक्षात ठेवा: भूल दिल्यावर थांबलं एवढ्या एका पुराव्यावर दात काढू द्यायचा नाही.

हलक्या स्पर्शानेच का?

चेहऱ्याची संवेदना मेंदूकडे नेणारी नस म्हणजे ट्रायजेमिनल, मेंदूतून निघणाऱ्या नसांतली पाचवी. तिला तीन फांद्या आहेत: एक कपाळ आणि डोळ्याकडे, दुसरी गाल, वरचा ओठ आणि वरच्या दातांकडे, तिसरी खालचा जबडा आणि हनुवटीकडे. हा आजार बहुतेक दुसऱ्या आणि तिसऱ्या फांदीत दिसतो, म्हणून तर तो दातांचा वाटतो.

नसेत हजारो तंतू असतात. स्पर्श नेणारे तंतू जाड असतात आणि त्यांच्यावर मायलिन नावाचं चरबीयुक्त आवरण असतं. वेदना नेणारे तंतू बारीक असतात, त्यांच्यावर आवरण पातळ असतं किंवा नसतंच. एरवी दोघांचे निरोप वेगळे राहतात. ही नस ब्रेनस्टेममध्ये, म्हणजे मेंदूच्या खालच्या देठात, शिरते त्या ठिकाणी मात्र काही मिलिमीटरचा एक नाजूक पट्टा आहे, जिथे बाहेरच्या प्रकारचं मायलिन संपून मेंदूच्या प्रकारचं सुरू होतं. नेमकी तिथेच शेजारून जाणारी एखादी रक्तवाहिनी, बहुतेक वेळा सुपीरियर सेरेबेलर आर्टरी, वयानुसार लांबून, वळसे घेऊन नसेवर टेकते. प्रत्येक ठोक्याला ती तिथे धडकते. वर्षानुवर्षांच्या त्या धडकांनी मायलिन झिजतं आणि एकाच केबलमधल्या दोन वायरींचं प्लास्टिक घासून तांबं तांब्याला लागावं, तसे शेजारचे तंतू एकमेकांना उघडे पडतात. स्पर्शाचा निरोप वेदनेच्या तंतूत उडी मारतो. शिवाय झिजलेले तंतू इतके चाळवलेले असतात की एका निरोपावर ते स्वतःच निरोपांची फैर झाडतात, आणि मग थकून काही काळ गप्प बसतात.

एवढं कळलं की पेशंटच्या अनेक विचित्र तक्रारींचा उलगडा होतो. जोरात दाबल्यावर फारसं न दुखता केसाचा स्पर्श झाल्यावर कळ का येते? कारण हलका स्पर्श नेणारे जाड तंतूच ती फैर सुरू करतात. एक मोठा झटका येऊन गेल्यावर काही क्षण तिथेच हात लावला तरी काही का होत नाही? तो त्या तंतूंचा थकव्याचा काळ. काकूंनी हे आपोआप शिकून घेतलं होतं. पहिल्या घासाला झटका सोसायचा, आणि तो गेल्या गेल्या पुढचे घास भराभर गिळायचे. आणि नाकपुडीला हात लागल्यावर कळ दाढेत का जाते? उडी गालाजवळ नाही, आत मुळाशी पडते, जिथे सगळ्या भागांचे तंतू एकत्र आलेले असतात.

क्रोसिन, कॉम्बिफ्लाम, डायक्लोफिनॅकचं इंजेक्शन यांचा इथे उपयोग का होत नाही, तेही यातच आलं. ती औषधं सुजेच्या किंवा साध्या दुखण्यावर चालतात. इथे सूज नाही, तंतूंचं नको तेव्हा पेटणं आहे.

दुसरी पायरी: गोळी, आणि तिच्याकडे बारीक लक्ष

उपचार जवळपास नेहमी कार्बामाझेपिनने सुरू होतात. हे फिटचं औषध आहे. 1962 मध्ये स्वीडनच्या ब्लोम नावाच्या डॉक्टरांनी ते या दुखण्यावर चालतं असं दाखवलं, आणि अजून त्याला तोड नाही. केमिस्ट म्हणाला, "ही तर फिटची गोळी," म्हणून घाबरून बंद करणारे लोक मी पाहिलेत. तंतूंमधल्या सोडियमच्या वाटा ती अडवते, आणि जे तंतू सारखे पेटत असतात त्यांच्यावर तिचा परिणाम जास्त होतो. म्हणून साधा स्पर्श शाबूत राहतो आणि फैर बंद होते.

सुरुवात कमी डोसने होते, बहुधा 100 मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, जेवणानंतर. मग दर तीन-चार दिवसांनी डॉक्टर 100 मिलिग्रॅमने वाढवत जातात. बऱ्याच जणांना दिवसाला 400 ते 800 च्या दरम्यान आराम पडतो, आणि 1200 च्या वर सहसा नेत नाहीत. घाईने वाढवलं तर चक्कर, झोप, तोल जाणं, एकाचे दोन दिसणं सुरू होतं. काकूंना फिजिशियननी असंच चढवत 600 वर आणलं. पहिल्या आठवड्यातच झटके निम्म्याहून कमी झाले. गोळीने असा ठळक फरक पडला, तर निदानालाही त्यातून दुजोरा मिळतो.

तीनेक आठवड्यांनी कळा परत डोकावल्या. घरच्यांना वाटलं गोळी "सवयीची" झाली. खरी गोष्ट अशी की कार्बामाझेपिन लिव्हरमध्ये स्वतःलाच जाळणारी यंत्रणा वाढवते, त्यामुळे त्याच डोसमध्ये तीन ते पाच आठवड्यांनी रक्तातलं प्रमाण घसरतं. अशा वेळी डॉक्टर डोस थोडा वाढवतात. काकूंचा 800 झाला, कळा थांबल्या.

आणि मग दुसरंच काहीतरी सुरू झालं. काकू गप्प राहू लागल्या, मळमळ, चालताना भिंतीचा आधार, एकदा सुनेचं नावच विसरल्या. घरात सगळे म्हणाले, अशक्तपणा. सलाईन लावून आणू. फिजिशियननी आधी सोडियम तपासायला सांगितलं. 135 ते 145 असायला हवं, ते 124 निघालं. कार्बामाझेपिन सोडियम उतरवतंच, पण काकूंच्या बीपीच्या गोळीच्या नावापुढे "एच" होतं. म्हणजे त्यात हायड्रोक्लोरोथायझाइड होतं, आणि तेही सोडियम उतरवतं. दोन्ही एकत्र आले. त्यांना दोन दिवस ॲडमिट करून सोडियम सावकाश वर आणलं, बीपीची गोळी बदलली आणि कार्बामाझेपिन 600 वर आणलं.

यातून नव्याने गोळी सुरू करणाऱ्यांनी घ्यायचं ते असं. पहिल्या भेटीला घरातल्या सगळ्या गोळ्यांच्या पट्ट्या पिशवीत घालून न्या, "बीपीची एक चालू आहे" एवढ्यावर भागवू नका. सुरुवातीला आणि काही आठवड्यांनी सोडियम, रक्तपेशी आणि लिव्हरची तपासणी करून घ्या. रक्त पातळ करणारं वॉरफरिन चालू असेल तर ते नक्की सांगा, कारण त्याचा परिणाम कमी होतो. क्लॅरिथ्रोमायसिनसारखी काही अँटिबायोटिक्स उलट या गोळीचं प्रमाण एकदम वाढवतात, म्हणून घसा दुखतो म्हणून केमिस्टकडून काही आणून खाऊ नका.

एका गोष्टीत मात्र एक दिवसही थांबायचं नाही. पहिल्या दोन-तीन महिन्यांत अंगावर पुरळ आलं, सोबत ताप असला, तोंडात किंवा डोळ्यांत फोड आले, तर पुढची गोळी न घेता त्याच दिवशी मोठं हॉस्पिटल गाठायचं. ही स्टीव्हन्स-जॉन्सन नावाची जिवावर बेतणारी रिॲक्शन असू शकते. आशियाई लोकांतल्या काहींमध्ये तिचा धोका वाढवणारा जनुक असतो आणि रक्ताच्या तपासणीत तो कळतो, त्यामुळे काही डॉक्टर आधीच ती तपासणी करून घेतात. हा प्रसंग सोडला, तर मनाने गोळी एकदम बंद करायची नाही, डॉक्टरच्या सांगण्यावरून हळूहळू उतरवायची.

कार्बामाझेपिन सोसलं नाही तर ऑक्सकार्बाझेपिन देतात. ते चक्कर कमी आणतं पण सोडियम जास्त उतरवतं, त्यामुळे काकूंसाठी तो मार्ग नव्हता. लॅमोट्रिजिन, बॅक्लोफेन, प्रीगाबालिन हे त्यानंतरचे पर्याय, बहुधा जोडीला.

तिसरी पायरी: एमआरआय, पण योग्य प्रकारचा

निदान पेशंटच्या सांगण्यावरूनच होतं. एमआरआय कारण शोधायला असतो. सगळ्यात आधी गाठ किंवा मल्टिपल स्क्लेरोसिस, म्हणजे मेंदूतलं मायलिन बिघडवणारा आजार, नाही ना, हे बघायचं. अंदाजे शंभरातल्या पंधरा पेशंटमध्ये असं दुसरं कारण सापडतं. वय चाळिशीच्या आत असेल, दोन्ही बाजूंना दुखत असेल, चेहरा बधिर असेल किंवा त्याच कानाने कमी ऐकू येत असेल, तर शंका वाढते आणि एमआरआयला उशीर करू नये.

साधा "ब्रेन एमआरआय" काढला की रिपोर्ट बऱ्याचदा "नॉर्मल" येतो, कारण जाड काप घेतल्यावर ती बारीक नस आणि तिच्यावरची वाहिनी दिसतच नाही. चिठ्ठीवर ट्रायजेमिनल नसेसाठी बारीक कापांचा थ्रीडी सिक्वेन्स, मशीनप्रमाणे सिस किंवा फिएस्टा, आणि रक्तवाहिन्यांसाठी एमआर अँजिओ असं लिहून घ्या. सेंटरला आधी फोन करून ते होतं का विचारा, नाहीतर पैसे दोनदा जातात.

रिपोर्टमध्ये "वाहिनी नसेला टेकलेली" असं आलं म्हणजे सगळं कळलं असंही नाही. कधीच दुखलं नाही अशा कितीतरी लोकांतही ती टेकलेली दिसते. वजन आहे ते दुखऱ्या बाजूची नस दबून वाकलेली किंवा बारीक झालेली दिसण्याला. काकूंच्या रिपोर्टमध्ये उजवी नस आर्टरीच्या वळशाखाली दबून बारीक झालेली होती.

चौथी पायरी: ऑपरेशनची निवड

गोळीने भागतंय आणि सोसतेय, तोवर ऑपरेशनची घाई नाही. पण डोस चढवून माणूस दिवसभर पेंगत असेल, किंवा काकूंसारखं सोडियम आडवं येत असेल, तर न्यूरोसर्जनला भेटायला "सगळ्या गोळ्या संपेपर्यंत" थांबायचं नाही.

पहिला पर्याय मायक्रोव्हॅस्क्युलर डीकम्प्रेशन, म्हणजे एमव्हीडी. कानामागे छेद घेऊन कवटीला लहानसं भोक पाडतात, मायक्रोस्कोपखाली आर्टरी नसेवरून बाजूला करतात आणि मध्ये टेफ्लॉनचा कापसासारखा तुकडा ठेवतात. नस कापत नाहीत, जाळत नाहीत. मूळ कारणच दूर होत असल्याने याचा आराम सगळ्यात जास्त टिकतो, दहापैकी सात-आठ जणांना वर्षानुवर्षं. पण हे पूर्ण भूल देऊन केलेलं मेंदूचं ऑपरेशन आहे. त्या बाजूचं ऐकू येणं जाणं, मेंदूतलं पाणी गळणं, क्वचित पक्षाघात हे धोके सही करण्याआधी स्पष्ट विचारा. हे ऑपरेशन नेहमी करणाऱ्या सर्जनच्या हातून ते कमी होतात.

दुसरा गट सुईचा. गालातून सुई घालून कवटीच्या तळाशी नसेच्या तिन्ही फांद्या एकत्र येतात तिथवर जायचं आणि तिथे नस उष्णतेने जाळायची, ग्लिसरॉल सोडायचं, किंवा फुगा फुगवून दाबायची. आराम लगेच, हॉस्पिटलात दिवसभर किंवा एखादी रात्र. मोबदल्यात चेहऱ्याचा भाग कमी-जास्त बधिर होतो आणि बहुतेकांना काही वर्षांनी दुखणं परत येतं. मग तेच पुन्हा करता येतं. कपाळ-डोळ्याच्या फांदीचा आजार असेल तर जाळताना डोळ्याच्या बुबुळाची संवेदना जाण्याची भीती असते, त्यामुळे तिथे फार जपून.

तिसरा गॅमा नाइफ, म्हणजे किरणांचा बारीक झोत नसेच्या मुळावर टाकणं. चिरफाड नाही, पण आराम यायला आठवडे ते महिने लागतात. कळांनी पाणीसुद्धा पिता येत नसेल त्याला हा पर्याय उपयोगाचा नाही. आपल्याकडून त्यासाठी बेंगळुरूचं निम्हान्स किंवा मुंबईचं हिंदुजा गाठावं लागतं.

काकूंचं वय 61, हृदय ठीक, एमआरआयमध्ये दाब स्पष्ट, गोळी चालते पण पुरता डोस सोसत नाही. म्हणून त्यांना एमव्हीडी सुचवली आणि झाली. हाच रिपोर्ट 80 वर्षांच्या, हृदयाला स्टेंट असलेल्या आजोबांचा असता, तर बहुधा फुग्याकडे गेले असते. मल्टिपल स्क्लेरोसिस असता, तर आर्टरी हलवून फारसा फायदा झाला नसता, मग सुई किंवा किरण. वय, भूल सोसण्याची ताकद, एमआरआयवरचं कारण आणि बधिरपणा पत्करायची तयारी, या चार गोष्टींवर निवड ठरते. शेवटची गोष्ट डॉक्टर ठरवू शकत नाही, ती तुम्हीच सांगायची.

ऑपरेशननंतर झटके थांबले तरी गोळी त्याच दिवशी बंद होत नाही. काकूंची 600 वरून दर आठवड्याला 100 ने उतरवत नेली.

झटके बेसुमार वाढून खाणंपिणं बंद झालं तर घरी वाट बघू नका. हॉस्पिटलात शिरेतून फॉस्फेनिटॉइनसारखं औषध देऊन ती लाट मोडता येते, आणि दातांचा डॉक्टर लिडोकेनची भूल देऊन तेवढ्यापुरता घोटभर पाणी पिण्याइतका आराम देऊ शकतो. त्या दिवसांत कोमट पातळ खाणं, दुसऱ्या बाजूने, आणि गाडीवर बसताना स्कार्फपेक्षा हेल्मेटची काच बरी. स्कार्फ गालावर घासतो.

कागद आणि पैसे

बेळगावात न्यूरोसर्जन आहेत, केएलईच्या प्रभाकर कोरे हॉस्पिटलात हा विभाग आहे. आयुष्मान भारत-आरोग्य कर्नाटक योजनेतून खाजगी हॉस्पिटलात जायचं तर तातडीचा प्रसंग सोडून सरकारी दवाखान्याचं रेफरल पत्र लागतं, म्हणून आधी बिम्सच्या जिल्हा रुग्णालयात नाव नोंदवा. महाराष्ट्र सरकारने 2023 मध्ये महात्मा फुले जनआरोग्य योजना सीमाभागातल्या 865 गावांना लागू केली. कोल्हापूर-मिरजेला जाणार असाल तर आपलं गाव यादीत आहे का, कुठले दाखले लागतील आणि हे ऑपरेशन पॅकेजमध्ये बसतं का, हे तिथल्या योजनेच्या काउंटरवर निघण्याआधीच विचारून घ्या. कुठेही गेलात तरी एमआरआयची सीडी न्या. नुसत्या रिपोर्टवर कुठलाही न्यूरोसर्जन एमव्हीडी ठरवत नाही, नस आणि आर्टरी त्याला स्वतः पडद्यावर बघायची असते.